निवासी उन्हाळी शिबिर : पालकांची संमती आणि तातडीचे संपर्क (प्रकल्प नोंदी)

१० फेब्रुवारी

यंदाचे निवासी शिबिर ४ ते ११ मे या काळात भंडारदऱ्याजवळ भरवण्याचे निश्चित झाले असून दहा ते पंधरा वयोगटातील ४८ मुलामुलींना प्रवेश द्यायचा आहे. त्यांपैकी बरीच मुले पुण्यातील शाळांतून येतील. उरलेली मुले बीड जिल्ह्यातील शिरूर कासार आणि पाटोदा या तालुक्यांतील असून त्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात. अर्ज, संमतिपत्रे आणि तातडीच्या संपर्कांची यादी हे काम माझ्याकडे आले आहे.

काम दोन भागांचे आहे. पहिल्या भागात सही करणाऱ्याला सही करण्याचा अधिकार आहे का आणि आपण कशाला होकार देत आहोत हे त्याला समजले आहे का, हे पाहायचे आहे. दुसऱ्या भागात, दिलेल्या क्रमांकावर शिबिराच्या काळात, रात्री-अपरात्रीसुद्धा, मुलाला ओळखणारे कोणी खरोखर बोलेल का, याची खात्री करायची आहे. अर्ज भरून आला म्हणजे यांपैकी काहीही सिद्ध होत नाही, म्हणून अर्जाच्या मागे प्रत्यक्ष बोलणे ठेवायचे, असे आजच्या बैठकीत ठरले.

१६ फेब्रुवारी

संमतिपत्राचा मसुदा तयार केला. शिबिरांसाठी सर्रास वापरला जाणारा नमुना एका परिच्छेदाचा असतो : ‘माझ्या पाल्यास पाठवण्यास माझी संमती आहे, काही बरेवाईट झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत’, आणि खाली एक सही. हा नमुना मी बाजूला ठेवला. पालकाने अशी सही केली तरी आयोजकांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी त्यामुळे पुसली जात नाही. उलट नेमकी कशाला परवानगी मिळाली, हे त्या कागदावरून कधीच सांगता येत नाही.

नव्या मसुद्यात संमती पाच भागांत विभागली असून प्रत्येक भागापुढे ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोन चौकटी आणि सहीची वेगळी जागा ठेवली आहे. पहिला भाग बसचा प्रवास आणि मुक्काम यांचा आहे. दुसऱ्यात रतनगडाची चढाई आहे, आणि तेथे ‘साहसी उपक्रम’ असा मोघम शब्द न वापरता पायथा रतनवाडीत आहे, वरच्या टप्प्यात लोखंडी शिड्या आहेत, पाण्यात उतरण्याचा कोणताही उपक्रम नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. तिसरा भाग किरकोळ आजारात औषध देण्याचा, चौथा तातडीच्या उपचारांचा आणि पाचवा छायाचित्रांचा. पहिल्या भागाला ‘नाही’ असेल तर प्रवेशच होत नाही, पण छायाचित्रांना किंवा चढाईला ‘नाही’ म्हटल्याने प्रवेशावर काहीही परिणाम होणार नाही, हे त्या चौकटींच्या वरच छापले आहे. तसे लिहिलेले नसेल तर पालक सगळीकडे ‘हो’ करून मोकळे होतात.

सही करणाऱ्याने मुलाशी असलेले नाते लिहायचे आहे : आई, वडील, न्यायालयाने नेमलेले पालक, किंवा सांभाळ करणारे नातेवाईक. शेवटचा पर्याय निराळा ठेवण्याचे कारण बीडच्या मुलांच्या बाबतीत लगेच समोर येईल. शेवटी मुलाचीही एक ओळ आहे, ‘मला शिबिराला यायचे आहे’, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने लिहायची आहे. कायद्याच्या दृष्टीने ती पुरेशी संमती नव्हे, परंतु मनाविरुद्ध पाठवलेले मूल तिसऱ्या दिवशी घरी जायचे म्हणून बसते, आणि तेव्हा त्याच्या बाजूने विचार करायला ही ओळ उपयोगी पडते.

२४ फेब्रुवारी

आरोग्याचे पान आमच्या डॉक्टरताईंबरोबर बसून तयार केले. त्यांनी प्रश्नांची भाषा बदलायला लावली. ‘अपस्मार आहे का?’ असे विचारले की बहुतेक ठिकाणी ‘नाही’ असे उत्तर येते. ‘कधी फिट आली आहे का, आकडी आली आहे का, लहानपणी तापात आली होती का?’ असे विचारले की आई आठवून सांगते. त्याचप्रमाणे ‘दमा’ हा शब्द पालक टाळतात, म्हणून ‘पंप घेतो का? घरी पंप आहे का?’ असे लिहिले. अंथरुण ओले होणे आणि मासिक पाळी यांचे प्रश्न छापील पानावरून काढले आणि ते फोनवर आईला एकटीला विचारायचे ठरले, कारण हे पान घरात कोण कोण वाचेल याचा भरवसा नसतो.

वजन विचारलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तापासाठी दिल्या जाणाऱ्या पॅरासिटामॉलचा एक डोस मुलांना वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम या हिशेबाने देतात, म्हणजे २४ किलोच्या मुलाला एका वेळी २४० ते ३६० मिलिग्रॅम. घरात सहज सापडणारी ५०० मिलिग्रॅमची गोळी त्याला जास्त होते. अर्जात वय असले तरी दहा वर्षांची दोन मुले वजनात खूप निराळी असू शकतात. धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली, हाही प्रश्न ठेवला. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती दहाव्या आणि सोळाव्या वर्षी देतात, त्यामुळे आमच्या वयोगटात ती घेतलेली आणि न घेतलेली अशी दोन्ही मुले असणार, आणि गुडघा फुटल्यावर दवाखान्यात पहिला प्रश्न याचाच होतो.

५ मार्च

शिरूर कासार तालुक्यातील पहिले अर्ज आमच्या कार्यकर्त्या ताईंनी आणले. त्यांपैकी अर्ज क्र. २३ इथे सविस्तर नोंदवते, कारण अशा अर्जांची रीत त्यावरूनच ठरवली.

मुलगी अकरा वर्षांची आहे. आईवडील दसऱ्यानंतर टोळीबरोबर कर्नाटकातील एका कारखान्याच्या हद्दीत ऊस तोडायला गेले आहेत आणि मुलगी गावी आजीपाशी राहून शाळेत जाते. ताईंनी ओट्यावर बसून पूर्ण संमतिपत्र आजीला वाचून दाखवले. शिड्यांचा भाग आला तेव्हा आजीने त्यांना थांबवले आणि विचारले, “ताई, शिडीवर पोरीच्या मागं कुणी मोठं माणूस असंल का?” प्रत्येक शिडीच्या वर एक आणि खाली एक असे दोन प्रशिक्षक उभे असतात, हे ऐकल्यावर त्यांनी त्या चौकटीला ‘हो’ सांगितले. मग अंगठा उठवला, आणि शेजारच्या अंगणवाडी सेविकेने साक्षीदार म्हणून सही केली. होकार समजून दिलेला आहे हे त्यांच्या प्रश्नावरूनच दिसते, म्हणून तो प्रश्न अर्जाच्या मागील बाजूस त्यांच्याच शब्दांत नोंदवून घेतला.

तरीही हा अर्ज पूर्ण झालेला नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या कलम ६ प्रमाणे नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात ‘वडिलांच्या पश्चात’ याचा अर्थ केवळ मृत्यूनंतर असा न घेता वडिलांच्या अनुपस्थितीत असा घेतला, त्यामुळे आईची सही पुरेशी ठरू शकते. आजी मात्र कितीही प्रेमाने सांभाळ करत असली, तरी आईवडील हयात असताना ती कायद्याने पालक होत नाही. म्हणून आजीची सही सांभाळ करणारी व्यक्ती म्हणून ठेवायची, आणि पालकाची संमती निराळी घ्यायची. आजीला डावलायचेही नाही, कारण मुलगी रोज तिच्यापाशी असते आणि मुलीला रात्री काय होते हे आजीलाच ठाऊक असते. आकडीविषयीचा प्रश्न विचारल्यावर, मुलगी लहान असताना एकदा तापात डोळे फिरवले होते, हे आजीनेच सांगितले. वडिलांना ते आठवत नव्हते, असे पुढे फोनवर कळले.

१४ मार्च

वडिलांचा जो क्रमांक अर्जावर होता त्यावर कित्येक दिवस ‘येणारे कॉल बंद आहेत’ असाच संदेश ऐकू येत होता. रिचार्जची मुदत संपली की येणारे फोनही बंद होतात, आणि उसाच्या फडात मुदत संपलेली चटकन लक्षात येत नाही. अखेर मुकादमाच्या फोनवरून गाठ पडली. टोळी गाडी भरून कोपीवर, म्हणजे राहण्याच्या झोपडीवर, परत येण्याची वेळ रोज निराळी असते, त्यामुळे वेळ मुकादमालाच विचारून घेतली आणि ठरल्या वेळी व्हिडिओ कॉल केला.

कॉलवर आई आणि वडील दोघे होते. आमच्या बाजूने मी आणि कार्यकर्त्या ताई अशा दोघींनी ऐकले, म्हणजे नोंदीला दोन साक्षीदार राहिले. प्रथम मुलीचे पूर्ण नाव, शाळा, इयत्ता आणि आजीचे नाव त्यांच्याकडून काढून घेतले, आम्ही ते आधी उच्चारले नाही. समोर बोलणारी व्यक्ती पालकच आहे, याची एवढी पडताळणी फोनवर करता येते. नंतर पाचही भाग वाचले. छायाचित्रांना वडिलांनी ‘नाही’ म्हटले आणि बाकी सर्व भागांना ‘हो’. तारीख, वेळ, कोणाच्या फोनवरून बोलणे झाले, कोण कोण हजर होते, एवढे लिहून अर्जाला जोडले. कॉल ध्वनिमुद्रित केला नाही, त्याची गरज नव्हती. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर दोघे गावी येतील तेव्हा त्यांची प्रत्यक्ष सही घ्यायची आहे, आणि ती मिळेपर्यंत या अर्जाच्या कोपऱ्यात ‘तात्पुरती’ असा शेरा राहील.

मुकादमाचा क्रमांक निरोपासाठी म्हणून वेगळ्या रकान्यात लिहिला. संपर्कांच्या यादीत तो घेतलेला नाही. मुकादम आणि मजूर यांच्यात उचलीचा, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांचा, व्यवहार असतो, आणि मुलीच्या आजारपणाची माहिती त्या व्यवहाराच्या वाटेने जाणे योग्य नाही.

२३ मार्च

सर्व अर्जांतील क्रमांक संगणकावरील तक्त्यात भरून झाले. प्रत्येक मुलामागे तीन संपर्क मागितले आहेत : दोन घरातील आणि तिसरा निराळ्या घरातील, शक्यतो एकाच जागी दिवसभर असणारा, जसा दुकानदार काका किंवा शाळेतील मावशी. घरातील दोघे एकाच वेळी लग्नाला, शेतात किंवा प्रवासात असण्याचा संभव मोठा असतो आणि तिसरा माणूस त्यासाठीच हवा.

हस्ताक्षरातून क्रमांक उतरवताना एक अडचण वारंवार आली. कित्येक पालक एकाच क्रमांकात मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळून लिहितात. मराठी चार इंग्रजी आठासारखा दिसतो, मराठी एक इंग्रजी नवासारखा, आणि घाईत काढलेला मराठी पाच इंग्रजी चारासारखा. अर्ज क्र. ३८ वर आईचा क्रमांक मराठी एकाने सुरू झालेला दिसत होता. भारतात मोबाइल क्रमांक सहा, सात, आठ किंवा नऊ यांपैकीच एखाद्या आकड्याने सुरू होतो, तेव्हा तो पहिला आकडा इंग्रजी नऊ असणार हे लगेच कळले. त्याच क्रमांकात मधोमध मात्र तशीच आणखी एक खूण होती आणि ती एक की नऊ हे फोन लावल्याशिवाय कळण्यासारखे नव्हते. पहिल्या वाचनाने लावलेला फोन नाशिकच्या एका अनोळखी गृहस्थांनी उचलला, आणि दुसऱ्याने मुलाची आई सापडली.

तक्त्यात दोन साध्या तपासण्या घातल्या आहेत. पहिली तपासणी क्रमांक दहा आकडी आहे का आणि पहिला आकडा सहा किंवा त्याहून मोठा आहे का, हे सांगते. दुसरी तपासणी तोच क्रमांक आणखी किती ठिकाणी आला आहे, हे दाखवते.

```
=AND(LEN(D2)=10, VALUE(LEFT(D2,1))>=6)
=COUNTIF($D$2:$F$49, D2)
```

दुसऱ्या तपासणीचा उपयोग अपेक्षेपेक्षा जास्त झाला. काही अर्जांवर आईपुढे आणि वडिलांपुढे एकच क्रमांक होता, म्हणजे घरात फोन एकच. कागदावर तीन संपर्क दिसत असले तरी प्रत्यक्षात दोनच होते. त्या घरांकडून आणखी एका माणसाचा क्रमांक मागवला. भावंडांच्या अर्जांत क्रमांक सारखे येणे साहजिक आहे, ते तसेच ठेवले.

तक्त्यात शेवटी ‘खात्री’ नावाचा रकाना आहे. त्यात तारीख, वेळ आणि फोनवर कोण बोलले हे लिहायचे. ‘रिंग वाजली’ ही खात्री धरलेली नाही. एक फोन दिवसा आणि एक रात्री नऊनंतर करायचा, कारण रात्री फोन बंद करून ठेवणारी घरे आहेत आणि ते आधीच कळलेले बरे. शिबिराचा क्रमांक आधी संदेशाने कळवून ‘शिबिर’ या नावाने साठवून ठेवायला सांगितला आहे. अनोळखी क्रमांक लोक हल्ली उचलत नाहीत, आणि त्यांचे तसे वागणे समजण्यासारखे आहे.

४ एप्रिल

अर्ज क्र. ३१ आईने भरला आहे आणि वडिलांचा रकाना रिकामा आहे. काल वडिलांचा कार्यालयात फोन आला. आपल्याला न विचारता मुलाला पाठवू नये, आणि पाठवणारच असाल तर शिबिर संपल्यावर आपण त्याला घेऊन जाऊ, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही त्यांचे म्हणणे लिहून घेतले, पण मुलाचे नाव आमच्या यादीत आहे की नाही हे फोनवर सांगितले नाही, कारण बोलणारी व्यक्ती कोण हे आम्हाला पडताळता आलेले नव्हते.

आईवडिलांच्या वादात कोण बरोबर हे ठरवण्याचा अधिकार शिबिराला नाही आणि तशी पात्रताही नाही. आम्ही आईला कौटुंबिक न्यायालयाचा ताब्याविषयीचा आदेश असल्यास दाखवायला सांगितले. त्यांच्याकडे अंतरिम ताब्याचा आदेश होता आणि वडिलांना ठरावीक शनिवारी भेटण्याची मुभा होती. शिबिराच्या काळातील शनिवार त्यात येतो का हे पाहिले. तो येत होता. तेव्हा त्या भेटीचे काय करायचे, हे आईने आपल्या वकिलांमार्फत वडिलांशी ठरवावे आणि आम्हाला लेखी कळवावे, असे सांगितले, आणि तसे पत्र येईपर्यंत प्रवेश राखून ठेवला आहे. आदेशाची पूर्ण प्रत घेतली नाही. ताबा आणि भेटी यांचे परिच्छेद पाहून त्याची नोंद केली आणि कागद परत दिला. बाकीच्या मजकुरात त्या कुटुंबाचे जे काही आहे, त्याच्याशी आमचा संबंध नाही.

या प्रकरणामुळे सर्वच अर्जांसाठी ‘मुलाला कोण घेऊन जाऊ शकेल’ हा रकाना सक्तीचा केला. नाव, नाते आणि येताना दाखवायचे ओळखपत्र एवढेच त्यात आहे. यादीत नसलेल्या व्यक्तीच्या ताब्यात मूल दिले जाणार नाही, मग ती व्यक्ती सख्खी आत्या असली आणि मूल तिला ओळखत असले तरीही. तशी वेळ आली तर अर्जावर सही केलेल्या पालकाला फोन करून त्याची परवानगी घेतली जाईल.

१५ एप्रिल

अर्ज आता जवळजवळ सर्व आले आहेत, त्यामुळे ही माहिती कोणापाशी राहील याचा निर्णय घेतला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून या तरतुदी प्रत्यक्ष लागू होण्यास त्यांत अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. मुदतीची वाट न पाहता आत्ताच तसे वागायचे आहे. आधार कार्डाची प्रत आम्ही कोणाकडूनही घेतलेली नाही. वयासाठी शाळेचा बोनाफाईड दाखला पुरतो.

मूळ अर्ज कार्यालयातील कुलूपबंद कपाटात राहतील. शिबिरात एका मुलासाठी एकच माहिती-कार्ड जाईल, ज्यावर नाव, वजन, आजार व औषधे, तीन संपर्क आणि कोणत्या भागांना होकार आहे एवढेच असेल. या कार्डांचे दोन संच होतील, एक प्रथमोपचार पेटीत आणि एक गाडीत. गटप्रमुखांना आजारांची यादी मिळणार नाही. स्वतःच्या गटातील ज्या मुलाविषयी जे माहीत असणे आवश्यक आहे, तेवढेच त्यांना तोंडी सांगितले जाईल. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर यांपैकी काहीही जाणार नाही. हा गट निघण्याच्या वेळा आणि सामानाची यादी यांपुरता आहे.

२२ एप्रिल

राजूरच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोललो. मुलांबरोबर पालक नसताना काय चालते आणि काय चालत नाही, एवढाच प्रश्न होता. त्यांनी जे सांगितले त्यामुळे आमच्या चौथ्या भागाची मर्यादा स्पष्ट झाली.

जिवावर बेतलेली स्थिती असेल तर उपचार कोणाच्या सहीसाठी थांबत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात अशा रुग्णावर उपचार करणे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरवले आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० प्रमाणे, पालकाची संमती वेळेत मिळणे शक्य नसेल तेव्हा मुलाच्या हितासाठी सद्हेतूने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. परंतु थांबता येण्यासारखे उपचार, विशेषतः भूल देऊन करायचे, पालकाच्या संमतीशिवाय होत नाहीत, आणि तेथे शिबिरप्रमुखाला दिलेले अधिकारपत्र पुरेसे मानले जाईलच असे नाही. तेव्हा चौथ्या भागाच्या खाली एक वाक्य वाढवले : ‘थांबता येण्यासारख्या शस्त्रक्रियेचा निर्णय माझ्याशी बोलल्यानंतरच व्हावा.’ सर्व पालकांना हे वाक्य फोनवर वाचून दाखवले आणि त्याला होकार नोंदवला.

क्रम असा ठरला : प्रथम मूल सुरक्षित करणे आणि १०८ ला फोन, मग दवाखान्याकडे निघणे, आणि त्याच वेळी दुसऱ्या व्यक्तीने संपर्कांना फोन लावणे. मुक्कामाच्या जागी रेंज एका कोपऱ्यातच येते, म्हणून फोन लावणारी व्यक्ती जखमी मुलाजवळची नसेल.

३० एप्रिल

सर्व संपर्कांना पुन्हा फोन करून झाले. फेब्रुवारीतला क्रमांक मेमध्ये चालेल असे धरता येत नाही, विशेषतः हंगामी स्थलांतर करणाऱ्या घरांच्या बाबतीत, कारण कर्नाटकात घेतलेल्या सिमचे रिचार्ज गावी आल्यावर केले गेले नाही तर ते बंद पडते. अर्ज क्र. २३ चे आईवडील गावी परतले आहेत. दोघांनी ताईंसमोर सह्या केल्या, ‘तात्पुरती’ हा शेरा काढला, वडिलांचा नवा क्रमांक लिहिला. गावात किराणा दुकान असलेले चुलते तिसरे संपर्क म्हणून कायम आहेत. अर्ज क्र. ३१ बाबत दोन्ही बाजूंचे पत्र आले, वडील १६ मेच्या शनिवारी भेट घेतील. प्रवेश पक्का केला.

एका घरातील तिन्ही क्रमांक लागत नव्हते. ताई स्वतः जाऊन आल्या. घर चालू वर्षाच्या लग्नसराईत व्यस्त होते, फोन पाण्यात पडला होता. नवा क्रमांक मिळाला आणि तेथूनच लावून पाहिला.

७ मे

संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटांनी अर्ज क्र. २३ ची मुलगी मुक्कामाच्या ओसरीच्या पायरीवरून घसरून हातावर पडली. उजव्या मनगटावर लगेच सूज आली आणि हाताचा आकार वाकडा दिसू लागला. बोटे हलत होती, बोटांना स्पर्श कळत होता. डॉक्टरताईंनी पुठ्ठ्याच्या आधाराने हात बांधला, दागिना म्हणून घातलेली बांगडी आधी काढली, आणि खायला काही दिले नाही, कारण भूल द्यावी लागली तर पोट रिकामे लागते. गाडी निघाली तेव्हा कार्ड बरोबर होते.

वडिलांचा फोन वाजत राहिला पण कोणी उचलला नाही. आईचा क्रमांक तोच. चुलत्यांचा फोन दुसऱ्या रिंगला उचलला गेला. वडील विहिरीच्या कामावर होते. चुलत्यांनी दुकानातल्या मुलाला सायकलवर धाडले आणि ५ वाजून ५० मिनिटांनी वडिलांचाच फोन आला. काय झाले, कसे झाले, सध्या मुलगी कशी आहे, पुढे काय होणार, या क्रमाने सांगितले, आणि मुलीशी बोलणे करून दिले.

राजूरला तपासणी आणि एक्स-रे झाले. मनगटाजवळचे हाड मोडून सरकले होते आणि ते भूल देऊन जागेवर बसवावे लागेल, त्यासाठी संगमनेरला न्यावे, असे सांगण्यात आले. रक्तप्रवाह ठीक असल्याने काही तासांचा वेळ होता. म्हणजे ही थांबता येण्यासारखी गोष्ट होती, आणि निर्णय आईवडिलांचा होता. संगमनेरच्या डॉक्टरांनी फोनवर वडिलांशी स्वतः बोलून भूल आणि तिचा धोका समजावला. आईने विचारले, “सकाळपर्यंत थांबलं तर हात वाकडा राहील का?” पट्टीत नीट ठेवून पहाटेपर्यंत थांबता येईल, असे डॉक्टर म्हणाले. आम्ही येतो, आमच्यासमोर करा, असे दोघांनी ठरवले. तापातल्या आकडीची आजीने दिलेली माहिती कार्डावर होती, ती भूलतज्ज्ञांना दाखवली. त्यांनी त्यावर आणखी प्रश्न विचारले आणि आजीशी फोनवर बोलून घेतले.

८ मे

आईवडील चुलत्यांच्या गाडीने पहाटे पोहोचले. रुग्णालयाच्या संमतिपत्रावर त्यांनीच सही केली, सकाळी हाड बसवून प्लास्टर घातले. मुलीने शिबिरात परत यायचे की घरी जायचे, हे तिलाच विचारले. ती आईबरोबर घरी गेली. ताब्याच्या नोंदवहीत दोघांची सही, वेळ आणि सोबत दिलेल्या एक्स-रे व औषधांची यादी लिहिली. घटनेचा अहवाल वेळांसह त्याच दिवशी लिहून त्यांना एक प्रत दिली.

२० मे

शिबिरातून आलेले कार्डांचे दोन्ही संच मोजून घेतले आणि कापून नष्ट केले. तक्त्यातील आरोग्याचे रकाने पुसले. मूळ संमतिपत्रे कपाटातच आहेत. अर्ज क्र. २३ ची फाइल घटनेच्या अहवालासह निराळी ठेवली आहे, कारण प्लास्टर निघाल्यावर कुटुंबाला विम्यासाठी आमचे कागद लागतील. प्लास्टर निघण्याच्या सुमारास ताई गावी जाऊन येतील.